पडद्यावर नाही, पण फाइलमध्ये आहे

८ ऑगस्ट २०२३ रोजी उत्तर आयर्लंडच्या पोलीस दलाने माहिती अधिकाराच्या एका अर्जाला उत्तर दिलं. कोणत्या हुद्द्यावर किती जण काम करतात, एवढाच प्रश्न होता. उत्तराची एक्सेल फाइल इंटरनेटवर चढली. पण आकडे ज्या यादीवरून मोजले होते, ती यादीही एका लपलेल्या टॅबमध्ये राहून गेली होती. त्यात ९,४८३ अधिकारी-कर्मचाऱ्यांची आडनावं, नावांची आद्याक्षरं, हुद्दे आणि नेमणुकीची ठिकाणं होती. फाइल सुमारे अडीच तासांनी उतरवली गेली. त्या प्रदेशात पोलीस हे आजही सशस्त्र गटांचं लक्ष्य असतात, त्यामुळे काहींवर घर बदलायची वेळ आली. ब्रिटनच्या माहिती आयुक्त कार्यालयाने पोलीस दलाला साडेसात लाख पौंडांचा दंड केला.

ही चूक एका फाइलची होती आणि ती एकदाच घडली. डॅशबोर्डच्या बाबतीत तीच चूक दर आठवड्याला नव्याने घडू शकते.

महापालिका, जिल्हा परिषदा, शाळा, स्वयंसेवी संस्था आता आपली आकडेवारी तक्ते, नकाशे आणि आलेखांच्या रूपात एका सार्वजनिक दुव्यावर ठेवतात. मागचा डेटा ताजा झाला की आलेख आपोआप बदलतो. मायक्रोसॉफ्टच्या पॉवर बीआयमध्ये ‘पब्लिश टू वेब’ अशी सोय आहे. ती वापरली की दुवा जगात कोणीही, पासवर्डशिवाय उघडू शकतो. कंपनी स्वतःच बजावते की, आलेखात फक्त बेरीज दिसत असली तरी तिच्यामागचा तपशीलवार डेटाही लोकांपर्यंत पोहोचू शकतो. एखादा रकाना ‘लपवला’ म्हणजे तो पडद्यावरून गेला. डेटातून गेला असं नाही.

समजा, एका महापालिकेचा आरोग्य विभाग क्षयरोगाच्या रुग्णांचा प्रभागवार डॅशबोर्ड दर सोमवारी ताजा करतो. दवाखान्यांकडून येणाऱ्या मूळ तक्त्यात नाव, मोबाइल, पत्ता, पिनकोड, जन्मतारीख, लिंग, प्रभाग, निदानाची तारीख आणि शेरा असे रकाने आहेत. नाव, मोबाइल आणि पत्ता काढायला हवा हे कोणालाही कळतं. अडचण उरलेल्या रकान्यांची आहे.

१९९०च्या दशकात अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्याने सरकारी कर्मचाऱ्यांच्या वैद्यकीय नोंदी नावं काढून संशोधनासाठी दिल्या होत्या. लतान्या स्वीनी तेव्हा विद्यार्थिनी होत्या. त्यांनी वीस डॉलरला केंब्रिज शहराची मतदारयादी विकत घेतली आणि दोन्ही याद्या जुळवून पाहिल्या. गव्हर्नर विल्यम वेल्ड यांच्याच जन्मतारखेचे त्या शहरात सहा मतदार होते. त्यांतले पुरुष तीन, आणि वेल्ड यांच्या पिनकोडमध्ये राहणारा एकच. अशा रीतीने गव्हर्नरांच्या वैद्यकीय नोंदी स्वीनींच्या हाती लागल्या. आपल्या तक्त्यातही जन्मतारीख, लिंग आणि पिनकोड आहेच. म्हणून जन्मतारखेऐवजी ‘१५ ते २९’, ‘३० ते ४४’ असे वयोगट, पिनकोडऐवजी प्रभाग आणि निदानाच्या तारखेऐवजी महिना ठेवायचा.

मोबाइल क्रमांक काढण्याऐवजी त्याचा ‘हॅश’, म्हणजे गणिती सूत्राने केलेली अक्षरांची लांबलचक ओळ, ठेवण्याचा मोह अनेकांना होतो. तो निरुपयोगी आहे. भारतात मोबाइल क्रमांक दहा आकडी असून ६ ते ९ यांपैकी एका आकड्याने सुरू होतो, म्हणजे शक्यता फार तर ४०० कोटी. संगणक त्या सगळ्यांचे हॅश काढून जुळणी करू शकतो. न्यूयॉर्कच्या टॅक्सी फेऱ्यांच्या डेटात २०१४ साली हेच झालं. परवाना क्रमांकांवर चढवलेले हॅश एका अभियंत्याने दोन तासांच्या आत उलगडून दाखवले.

सर्वांत दगाबाज रकाना शेऱ्याचा. तिथे परिचारिकेने ‘फोन लागत नाही, मुलाच्या नंबरवर बोला’ असं लिहून पुढे तो नंबर टाकलेला असतो. दहा आकड्यांची ओळ शोधून पुसणारी आज्ञा देता येते, पण ‘कोपऱ्यावरच्या बेकरीवाल्यांची सून’ हे कोणत्याही आज्ञेला सापडत नाही. हा रकाना पूर्णच वगळावा.

वगळायचं तेही डॅशबोर्डमध्ये नव्हे, त्याच्या आधी. मूळ तक्त्यावरून फक्त प्रभाग, वयोगट, लिंग, महिना आणि रुग्णसंख्या एवढाच वेगळा तक्ता तयार करायचा आणि डॅशबोर्ड त्यालाच जोडायचा. हवे असलेले रकाने नावानिशी मागायचे. ‘सगळं आण’ अशा अर्थाची `SELECT *` ही आज्ञा टाळायची. नाहीतर उद्या दवाखान्याच्या अर्जात ‘आधार क्रमांक’ हा रकाना वाढला, की पुढच्या सोमवारी तो कोणालाही न विचारता सार्वजनिक डेटात येऊन बसतो.

एवढं केल्यावर व्यक्ती गेल्या आणि बेरजा उरल्या. तरीही लहान बेरीज बोलते. चार प्रभागांत २१, १८, १६ आणि २ रुग्ण आहेत, एकूण ५७. चौथ्या प्रभागातले दोघे ओळखू येतील म्हणून तिथे ‘५ पेक्षा कमी’ असं लिहिलं. पण एकूण ५७ मधून ५५ वजा केले की २ उघडेच पडतात. म्हणून आणखी एक आकडा झाकावा लागतो. १६ झाकला, तर वजाबाकीतून हाती फक्त दोन्ही प्रभागांची मिळून १८ ही बेरीज येते. त्याहून सोपं म्हणजे चौथा प्रभाग शेजारच्या प्रभागात मिळवून दाखवणं.

आठवड्याच्या ताजेपणात आणखी एक फट असते. मागच्या सोमवारी एका प्रभागात साठीपुढच्या स्त्री रुग्ण ६ होत्या, या सोमवारी ७ झाल्या. वाढलेली ती एकच. त्याच आठवड्यात चाळीतल्या एक आजी रुग्णालयात गेल्याचं शेजाऱ्यांना ठाऊक असेल, तर निदानाचा अंदाज बांधायला वेळ लागत नाही. दोन्ही सोमवारचे आकडे वेगवेगळे निरुपद्रवी होते. उघड झाला तो त्यांच्यातला फरक. उपाय असा, की आकडे जवळच्या पाचाच्या पटीत दाखवायचे. मग ६ आणि ७ दोन्हींच्या जागी ५ च दिसतात. एकूण संख्या मात्र मूळ आकड्यांवरूनच काढून तीही पाचाच्या पटीत दाखवावी. स्तंभांची बेरीज तिच्याशी जुळणार नाही, हे तळटीपेत सांगावं. किंवा बारीक तपशील महिन्यातून, तिमाहीतून एकदाच ताजा करावा. यात अचूकता थोडी घटते. औषधसाठ्याचं नियोजन करणाऱ्या अधिकाऱ्याला नेमके आकडे लागतात, पण त्याच्यासाठी लॉगिन असलेला वेगळा डॅशबोर्ड असतो.

शेवटची तपासणी परक्याच्या नजरेने करायची. डॅशबोर्ड बनवणाऱ्याने नव्हे, दुसऱ्या सहकाऱ्याने, लॉगिन नसलेल्या खासगी विंडोत दुवा उघडावा. प्रत्येक आलेखावर माउस न्यावा, गाळण्या लावत सर्वांत लहान आकड्यापर्यंत जावं, डाउनलोडचं बटण असेल तर फाइल उतरवून तिचे सगळे टॅब आणि लपलेले रकाने पाहावेत. एखादं नाव निसटलेलं दिसलं, तर आधी दुवा बंद करावा, दुरुस्ती नंतर. मूळ डेटा सुधारून थांबणं पुरेसं नाही, कारण पॉवर बीआयचा सार्वजनिक दुवा आणलेला डेटा तासभर साठवून दाखवत राहतो. दुवा बंद होण्याआधी कोणी प्रत उतरवली असेल, तर ती परत मागवता येत नाही.

भारताच्या २०२३च्या डिजिटल पर्सनल डेटा प्रोटेक्शन कायद्यात वैयक्तिक डेटाच्या सुरक्षेत कसूर करणाऱ्याला २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे.