आधी जास्तीच्या रेघा, मग छाटणी

ट्रेसिंग पेपरवर शाईने प्लॅन काढायचे, त्या काळातल्या ड्राफ्ट्समनच्या टेबलावर दाढीचं ब्लेड हमखास असायचं. रेघ दोन मिलिमीटर पुढे गेली की शाई वाळेपर्यंत थांबायचं आणि मग हलक्या हाताने ती खरवडायची. त्यामुळे रेघ कुठे थांबणार हे ठरल्याशिवाय पेन टेकवायचं नाही, ही शिस्त हाताला लागलेली असे.

संगणकावर हीच शिस्त आड येते. ऑटोकॅड नव्याने शिकणारा प्रत्येक भिंतीची लांबी मोजतो, तेवढीच रेघ काढतो, मग पुढची मोजतो. दोन खोल्यांत तासभर जातो आणि कोपरे तरीही जुळत नाहीत. सरावलेला माणूस उलट करतो. रेघा मुद्दाम लांब काढतो, एकमेकींवरून आरपार जाऊ देतो आणि मग छाटतो. इथे छाटायला ब्लेड लागत नाही.

एक छोटं घर घेऊ. हॉल आतून 4200 बाय 3000 मिलिमीटर, त्याला लागून उजवीकडे स्वयंपाकघर 2400 बाय 3000. बाहेरच्या भिंती नऊ इंची, म्हणजे 230 मिलिमीटर. मधली भिंत साडेचार इंची, म्हणजे 115.

स्क्रीनवर फक्त दोन रेघा काढायच्या: एक आडवी, साधारण 9000 लांब, आणि एक उभी, 5000 लांब. डावीकडे खालच्या कोपऱ्याजवळ त्या एकमेकींना छेदून थोड्या पुढे गेलेल्या असाव्यात. या आपल्या बाहेरच्या भिंतींच्या बाहेरच्या कडा. बाकी सगळं `OFFSET` करतं. ही कमांड रेघेची समांतर प्रत काढते. आधी अंतर द्यायचं, मग रेघ दाखवायची, मग कोणत्या बाजूला ते क्लिक करायचं.

```
O
230
```

एकदा 230 दिलं की त्याच दमात उभी रेघ उजवीकडे आणि आडवी वर सरकवून घ्यायची. पुढे दर वेळी सर्वांत नव्या उभ्या रेघेवरून उजवीकडे जायचं: 4200, मग 115, मग 2400, मग पुन्हा 230. आडव्यांना वर 3000 आणि 230. सहा उभ्या, चार आडव्या रेघा होतात. स्क्रीनवर खिडकीच्या गजांसारखी जाळी दिसते, घर नव्हे. नवशिक्याचा धीर इथेच सुटतो. पण घराची सगळी मापं आता आलेली आहेत आणि आपण एकही बेरीज केलेली नाही.

एक गोष्ट मात्र आधी विचारून घ्यावी. दिलेली मापं खोलीच्या आतली आहेत, की भिंतींच्या मध्यरेषेपासूनची? मध्यरेषेची असतील तर ती रेघ दोन्ही बाजूंना निम्मी सरकवायची, नऊ इंचीसाठी 115 आणि साडेचार इंचीसाठी 57.5. ही गफलत झाली तर ऑटोकॅड चकार शब्द काढत नाही. प्लॅन सुबक दिसतो आणि खोलीचं माप 230 मिलिमीटरपर्यंत चुकतं.

आता कोपरे. `FILLET` मुळात कोपरा गोल करण्यासाठी आहे, पण भिंती काढणारा ती त्रिज्या शून्य ठेवून वापरतो. मग दोन रेघा नेमक्या छेदबिंदूवर येऊन थांबतात. लांब असतील तर छाटल्या जातात, आखूड असतील तर वाढतात.

```
F
R
0
M
```

शेवटचं `M` दिलं की कमांड प्रत्येक कोपऱ्यानंतर बंद पडत नाही. बाहेरचे चार आणि आतले चार, असे आठ कोपरे सोळा क्लिकमध्ये होतात. रेघेच्या ज्या भागावर क्लिक कराल तो राहतो आणि कोपऱ्यापलीकडचा जातो. म्हणून शेपटीवर क्लिक करायचं नाही, सरळ रेघेच्या मध्यावर करायचं. कोपरा अचानक गोल झाला, तर मागच्या कामाची त्रिज्या तशीच राहिलेली असते, कारण ऑटोकॅड ती लक्षात ठेवतं. दुसऱ्या क्लिकच्या वेळी शिफ्ट दाबून धरलं की तेवढ्यापुरती ती शून्य धरली जाते.

मधली भिंत बाहेरच्या भिंतीला मिळते तिथेही फिलेट वापरायचा मोह होतो. तो आवरावा. मधल्या भिंतीची डावी कड आणि खालच्या भिंतीची आतली कड फिलेट केली की हॉलचा कोपरा छान होतो, पण तीच आतली कड पुढे स्वयंपाकघरात जाते आणि तिचा तो सगळा भाग गायब होतो. जिथे भिंत थांबते तिथे फिलेट, जिथे ती पुढे चालू राहते तिथे `TRIM`, एवढं धरलं की गोंधळ होत नाही.

ऑटोकॅड 2021 पासून ट्रिम उघडताच सगळ्याच रेघा छाटणीच्या कडा धरल्या जातात. जलद आहे, पण मला या जागी आवडत नाही. शेपटीचे तुकडे तुकडे पडतात, आणि कशालाच न छेदणारी रेघ चुकून क्लिक झाली तर ती अख्खी पुसली जाते. म्हणून `TR`, मग `T` देऊन कडा स्वतः निवडाव्यात: मधल्या भिंतीच्या दोन उभ्या रेघा आणि खालच्या-वरच्या भिंतींच्या आतल्या कडा. एंटर दाबून चार शेपट्यांवर चार क्लिक. मग मधली भिंत वर आणि खाली टेकते तिथल्या आतल्या कडांचे 115 मिलिमीटरचे दोन तुकडे, आणखी दोन क्लिक. भिंती एकमेकींत मिसळल्या.

दारं सर्वांत शेवटी. आधी उघडून ठेवली तर प्रत्येक भिंतीचे दोन तुकडे होतात आणि फिलेट-ट्रिमचं काम वाढतं. स्वयंपाकघराचं दार मधल्या भिंतीत, खालच्या कोपऱ्यापासून 150 सोडून, 900 रुंद. हॉलमधली खालची आतली कड 150 वर सरकवली की लक्षात येतं, ही प्रत मधल्या भिंतीच्या पहिल्याच कडेवर अडली आहे. मघाशी मूळ रेघ तिथे छाटली होती ना. आता `EXTEND`, म्हणजे `EX`. रेघेच्या उजव्या टोकाजवळ क्लिक केलं की ती भिंतीच्या दुसऱ्या कडेपर्यंत जाते. डाव्या टोकाजवळ केलं तर डावीकडे वाढू पाहील, कारण ही कमांड क्लिकच्या जवळचं टोक धरते. वाढवलेली रेघ 900 वर सरकवायची. दोन्हींच्या मधला भिंतीचा भाग ट्रिम करायचा आणि हॉलभर पसरलेल्या दोन्ही शेपट्याही छाटायच्या. भिंतीच्या जाडीएवढ्या दोन छोट्या रेघा उरतात, त्या दाराच्या कडा. ट्रिम चालू असताना शिफ्ट दाबलं की तीच कमांड एक्स्टेंड होते आणि उलटही, त्यामुळे ये-जा करावी लागत नाही. बाहेरचं दार आणि खिडक्याही अशाच.

आता तपासणी. `DI` देऊन बाहेरून बाहेर मोजावं: लांबी 7175, रुंदी 3460 यायला हवी. आतून 6715 बाय 3000, म्हणजे 20.145 चौरस मीटर. रेरा कायद्याच्या व्याख्येत कार्पेट क्षेत्रात बाहेरच्या भिंती धरत नाहीत, आतल्या धरतात. म्हणून मधल्या भिंतीचे 115 यात मोजलेले आहेत.

दुसरी परीक्षा हॅचची. भिंतीच्या आत हॅच भरायला गेलं आणि बंद सीमा मिळत नाही असा निरोप आला, तर कुठेतरी रेघा टेकलेल्या दिसतात पण टेकलेल्या नाहीत. झूम करत कोपरे बघावेत. फट सापडली की ओढून जुळवत बसू नये, त्याच दोन रेघांना शून्याचं फिलेट द्यावं. आणि एखादी रेघ पुसल्यावरही तिथेच दिसत राहिली, तर ऑफसेट दोनदा झालेला असतो. `OVERKILL` अशा एकावर एक बसलेल्या रेघा काढून टाकतं.