जुन्या पुस्तकांचा व्यापार: खरेदी, पारख, डागडुजी आणि किंमत

वापरलेल्या पुस्तकांचा व्यापार पुण्यात अप्पा बळवंत चौकाच्या आसपास, तर मुंबईत हुतात्मा चौक आणि माटुंग्याच्या किंग्ज सर्कलच्या पदपथांवर चालत आला आहे. कपडे किंवा मोबाइल यांच्या मानाने या धंद्याला भांडवल कमी लागते. छापील पुस्तकांवर जीएसटी नाही. कायदेशीररीत्या छापलेली आणि एकदा विकली गेलेली प्रत पुन्हा विकायला प्रकाशकाची परवानगीही लागत नाही. तरीही या धंद्यात तोटा सहज होतो, कारण न विकल्या जाणाऱ्या पुस्तकाला जागा मात्र विकल्या जाणाऱ्या पुस्तकाइतकीच लागते. कोणते पुस्तक घ्यायचे आणि कोणते रद्दीत सोडायचे, या निर्णयावर बाकी सारा हिशेब उभा राहतो.

माल कुठून येतो

माल मुख्यतः तीन वाटांनी येतो. पहिली वाट रद्दीच्या दुकानाची. तिथे पुस्तके किलोवर मिळतात आणि दुकानदाराशी ओळख असेल तर निवडूनही घेता येतात. निवडून घेतलेल्या पुस्तकांचा दर सरसकट मालापेक्षा जास्त असतो, पण नको असलेले ओझे घरी येत नाही.

दुसरी वाट घर रिकामे करणाऱ्या कुटुंबांची. जागा बदलताना किंवा घरातले वडीलधारे वाचक गेल्यावर कपाटच्या कपाट एकदम विकायला निघते. अशा वेळी कुटुंबाला पैशांपेक्षा जागा मोकळी होण्याची घाई असते. पुस्तकांत ठेवलेली पत्रे, फोटो, पावत्या किंवा नोटा सापडल्या तर त्या कुटुंबाला परत द्याव्यात. असा विश्वास जपणाऱ्या विक्रेत्यालाच पुढच्या घरचे बोलावणे येते.

तिसरी वाट विद्यार्थ्यांची. परीक्षा संपल्यावर, म्हणजे एप्रिल-मे महिन्यांत, अभ्यासक्रमाची पुस्तके बाजारात येतात आणि जून-जुलैत तीच विकली जातात. दोन-अडीच महिने पैसा मालात अडकतो, पण गिऱ्हाईक नक्की असते. सोयीचा हिशेब असा, की छापील किमतीच्या साधारण पाव भागात घ्यायचे आणि निम्म्या भागात विकायचे.

ग्रंथालयाचा शिक्का असलेले पुस्तक घेताना मात्र थांबावे. ग्रंथालये जीर्ण किंवा जादा प्रती रीतसर निर्लेखित करतात. तशी नोंद किंवा शिक्का प्रतीवर नसेल, तर ती चोरीची असू शकते.

पारख: आधी आवृत्ती, मग अवस्था

नवखा विक्रेता आधी मुखपृष्ठ पाहतो. जाणता विक्रेता आधी आवृत्तीचे पान उघडतो. आवृत्तीचा क्रमांक, छपाईचे वर्ष, मूळ किंमत आणि प्रकाशक ही सगळी माहिती त्या पानावर असते. ते पान फाटले असेल, तर आयएसबीएन क्रमांकावरून काळाचा अंदाज येतो. २००७ च्या आरंभापासून हा क्रमांक तेरा अंकी झाला. त्याआधी तो दहा अंकी असे.

अभ्यासाच्या पुस्तकाची किंमत अभ्यासक्रमाशी बांधलेली असते आणि अभ्यासक्रम बदलला की एका दिवसात ढासळते. १ जुलै २०२४ रोजी भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता लागू झाली, तेव्हा कोरी करकरीत असलेली जुनी फौजदारी कायद्याची क्रमिक पुस्तकेही विद्यार्थ्यांच्या कामाची राहिली नाहीत. राज्यसेवेची मुख्य परीक्षा २०२५ पासून वर्णनात्मक झाल्यावर जुन्या बहुपर्यायी पद्धतीच्या सरावसंचांचेही तेच झाले. बालभारतीने २०२३-२४ मध्ये काही इयत्तांची पुस्तके चार भागांत, आत वहीची पाने घालून काढली आणि पुढे ती पद्धत मागेही घेतली. म्हणून शालेय पुस्तके एका हंगामापुरतीच घ्यावीत.

कथा-कादंबऱ्या, चरित्रे, शब्दकोश आणि जुने दिवाळी अंक यांचे गणित उलट असते. त्यांना अभ्यासक्रमाची भीती नसते, पण गिऱ्हाईक कधी येईल याचा नेम नसतो. पुस्तक दुर्मिळ आहे असे वाटले, तरी प्रकाशकाने नवी आवृत्ती काढली आहे का, हे आधी पाहावे. नवी आवृत्ती मिळत असेल तर सामान्य वाचक जुन्या प्रतीला जास्त पैसे देत नाही. पहिली आवृत्ती किंवा लेखकाची सही असेल तरच संग्राहक देतो.

आवृत्ती पटली की पाने तपासायची. पुस्तक आठ किंवा सोळा पानांच्या फर्म्यांत छापले जाते, त्यामुळे बांधणीत चूक झाली तर अख्खा फर्मा गायब असतो किंवा दोनदा येतो. पृष्ठक्रमांक भराभर चाळले की हे कळते. फाटण्याचा धोका सर्वात जास्त नकाशे, उत्तरसूची आणि शेवटच्या कोष्टकांना असतो, म्हणून ती पाने वेगळी पाहावीत.

त्यानंतर कीड आणि ओल. कागदाचा वरचा थर खरवडल्यासारखा दिसत असेल, तर ते कसरीचे काम. पानांतून आरपार बारीक भोके असतील, तर आत अळी होती किंवा अजूनही आहे. पुस्तक उलटे धरून पांढऱ्या कागदावर आपटावे. ताजी भुकटी पडली तर कीड जिवंत आहे असे समजावे. वाळवीची माती दिसली, तर ते पुस्तक घरात आणूच नये. कुबट वास आणि मखमलीसारखे काळे-हिरवे ठिपके ही बुरशीची खूण. बुरशी शेजारच्या पुस्तकांवर पसरते, म्हणून दुर्मिळ नसलेले असे पुस्तक सोडून देणेच स्वस्त पडते. पाने नुसती पिवळी पडली असतील तर तो रोग नव्हे. स्वस्त कागदातल्या लिग्निन या घटकावर हवा आणि उजेड यांचा परिणाम होऊन तसे होते. मात्र पानाचा कोपरा एकदा दुमडताच तुटत असेल, तर ती प्रत वाचकाच्या हातात टिकणार नाही.

शेवटची तपासणी नकली प्रतींची. पुसट किंवा तिरकी छपाई, मागचा मजकूर दिसेल इतका पातळ कागद, फिके पडलेले मुखपृष्ठ आणि उघडताच सुटणारी पाने ही त्यांची लक्षणे. विनापरवाना छापलेली प्रत विकणे कॉपीराइट कायद्याखाली गुन्हा आहे, मग ती कितव्याही हाताने आलेली असो.

डागडुजी: थोडी आणि बेताची

आलेले पुस्तक आधी मऊ कोरड्या ब्रशने झटकावे. पेन्सिलीच्या खुणा खोडरबराने जातात. शाईच्या आणि हायलायटरच्या जात नाहीत, त्या घालवण्याच्या नादात कागद मात्र फाटतो. किडीची शंका असलेली चांगली प्रत प्लास्टिकच्या पिशवीत हवाबंद करून उणे १८ अंशांच्या डीप फ्रीझरमध्ये दोन आठवडे ठेवतात. बाहेर काढल्यावर ती खोलीच्या तापमानाला येईपर्यंत पिशवी उघडायची नाही, नाहीतर कागदावर दव धरते. या उपायाने कीड मरते, बुरशी मात्र मरत नाही.

सुटलेल्या पानाला कडेला पांढऱ्या डिंकाची अगदी बारीक रेघ ओढून ते आत बसवावे आणि रात्रभर वजनाखाली ठेवावे. घरी केलेली खळ वापरू नये, कारण पिठावर कसर येते. साध्या चिकटपट्टीचा मोह तर टाळलाच पाहिजे. काही वर्षांत तिचा डिंक कागदात मुरून तपकिरी डाग पडतो आणि तो निघत नाही. पाठ्यपुस्तकाला पारदर्शक कव्हर घातले की त्याचे रूप पालटते. संग्राहकाच्या प्रतीला मात्र नवी बांधणी, लॅमिनेशन किंवा कातरलेल्या कडा यांपैकी काहीही करू नये, कारण मूळ रूप हीच तिची किंमत असते.

किंमत कशी ठरते

छापील किमतीवरून जुन्या पुस्तकाची किंमत काढणे ही नेहमीची चूक आहे. तुलना करायची ती नवे पुस्तक प्रत्यक्ष ज्या भावाला मिळते त्याच्याशी. छापील किंमत ४०० रुपये असलेले मार्गदर्शक सवलतीत ३२० ला मिळत असेल, तर त्याच्या वापरलेल्या प्रतीला २४० कोणी देणार नाही. ८० रुपयांसाठी गिऱ्हाईक कोरे पुस्तक घेईल. चालू आवृत्तीची स्वच्छ प्रत १६० ते २०० ला जाते. मागच्या आवृत्तीची, मजकूर फारसा बदलला नसेल तर, १०० च्या आसपास. पद्धतच बदलली असेल तर ती रद्दी.

एका खरेदीचा नमुना हिशेब मांडला की बाकीचे स्पष्ट होते. समजा, एका घरातून ६० किलो पुस्तके २५ रुपये दराने घेतली. त्याचे १,५०० रुपये आणि टेम्पोचे ३०० झाले. एवढ्या वजनात सुमारे १५० पुस्तके येतात. छाननीत ४० निरुपयोगी निघाली. ती १६ किलो रद्दी १२ रुपये दराने विकून सुमारे १९० परत आले. छाननीला पाच तास लागले आणि ७० पुस्तकांच्या डागडुजीला सात. तासाला ८० रुपये धरून मजुरी ९६० झाली, डिंक आणि कव्हरांचे २०० झाले. रद्दीचे पैसे वजा करून एकूण खर्च २,७७० रुपये, म्हणजे उरलेल्या ११० पुस्तकांमागे सरासरी २५ रुपये.

ही ११० पुस्तके तीन भागांत लावली. १५ चांगली पुस्तके सरासरी १५० ला विकून २,२५० आले. ५५ मध्यम पुस्तकांपैकी तीन महिन्यांत ३५ गेली, प्रत्येकी ५० प्रमाणे १,७५० आले. राहिलेली ४० पुस्तके ‘कोणतेही घ्या, २० रुपये’ अशा ढिगात टाकली. त्यातली २५ जाऊन ५०० आले. एकूण विक्री ४,५०० आणि हाती उरले १,७३०. जागेचे भाडे यातूनच जायचे आहे.

यात दोन गोष्टी दिसतात. निम्मी विक्री अवघ्या १५ पुस्तकांनी केली. छाननीत ती ओळखता आली नसती आणि पन्नासच्या ढिगात गेली असती, तर १,५०० रुपये बुडाले असते. दुसरी गोष्ट म्हणजे ढिगातल्या पुस्तकांवर मजुरी घातली नाही. प्रत्येकी सहा मिनिटे दिली असती तर चार तासांचे ३२० रुपये गेले असते, म्हणजे त्यांच्या विक्रीचा बराचसा भाग.

हंगामानंतर भाव उतरवण्याची तारीख आधीच ठरवलेली बरी. तीन महिन्यांत न गेलेले पुस्तक एक पायरी खाली आणावे आणि सहा महिन्यांत ढिगात. बाहेरगावच्या गिऱ्हाइकासाठी टपाल खात्याने १ मे २०२५ पासून ‘ज्ञान पोस्ट’ सुरू केले आहे. त्यात ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये आणि ५ किलोपर्यंत १०० रुपये मूळ दर आहे, कर वेगळा. त्यामुळे दोनशे रुपयांच्या शैक्षणिक पुस्तकालाही पाठवणी परवडते. पाठवण्यापूर्वी आवृत्ती, छपाईचे वर्ष, खुणा, डाग आणि सुटी पाने स्पष्ट सांगावीत. दोष लपवून पाठवलेले पुस्तक परत आले, तर येण्याजाण्याच्या टपालखर्चात त्याचा नफा संपतो.