इंग्रजीतला ‘टी’ आणि आपला ट

‘टेन’ हा शब्द तुमच्या नेहमीच्या पद्धतीने एकदा मोठ्याने म्हणा आणि जिभेचं टोक कुठे लागलं तिकडे लक्ष द्या. आता ‘तेल’ म्हणा. मग जीभ वरच्या दातांच्या मागून हळूहळू मागे सरकवा. आधी दात, मग हिरडी, मग एक खडबडीत उंचवटा आणि त्यामागे टाळूचा खोलगट भाग लागतो. तेलातला त दातांना चिकटून होतो. बहुतेक मराठी माणसांचा ट त्या उंचवट्याच्या मागे, टाळू जिथे वर चढायला लागते तिथे होतो. इंग्रजी मातृभाषा असलेला माणूस ‘टेन’ म्हणतो तेव्हा त्याच्या जिभेचं टोक उंचवट्यावरच टेकतं, म्हणजे आपल्या त आणि ट यांच्या मध्ये. या उंचवट्याला दंतमूल म्हणतात. आपला त दंत्य, आपला ट मूर्धन्य आणि इंग्रजांचा ‘टी’ दंतमूलीय.

मराठीत या मधल्या जागेवर सुटा स्फोटक वर्ण नाही, त्यामुळे इंग्रजी बोलताना दोन शेजाऱ्यांपैकी एकाच्या घरी जावं लागतं. आपण ट-ड यांच्या घरी जातो. पण त-द यांच्याकडे का नाही?

सवयीमुळे ‘टी म्हणजे ट’ हे आपल्याला निसर्गनियमासारखं वाटतं. पण पोर्तुगीजांचे शब्द पाहा. त्यांचा ‘टी’ आणि ‘डी’ दातांजवळचा, म्हणून आपण बादली, पाद्री, तुरुंग असे शब्द द-त घालून घेतले. (बटाटा मात्र ट घेऊन बसला. भाषेत असे हट्टी निघायचेच.) इंग्रजांकडून आलेले डॉक्टर, टेबल, बोर्ड मूर्धन्य झाले. ‘तिकीट’ या शब्दाने तर एकाच इंग्रजी वर्णाची दोन्ही रूपं पोटात घेतली आहेत. म्हणजे आपल्या कानांनी पाहुण्या आवाजाची पारख केली होती, उगाच कोणतंही अक्षर लावलं नव्हतं.

ही पारख बरीचशी जिभेच्या आकारावर चालते. त म्हणताना जिभेचं सपाट पातं दातांवर पसरतं. ट आणि इंग्रजी ‘टी’ हे दोन्ही जिभेच्या टोकाने होतात, त्यामुळे अडवलेली हवा सुटतानाचा आवाज टोकदार आणि ठसठशीत येतो. जागा वेगळी असली तरी ही धार मराठी कानाला ट ची वाटते.

दुसरं कारण मला अधिक महत्त्वाचं वाटतं. त-थ-द यांची घरं आधीच भरलेली आहेत. इंग्रजीत दातांमध्ये जीभ घालून घासत काढलेला एक आवाज आहे, ‘थिंक’ आणि ‘दॅट’ यांतला. तो आपल्याकडे नाही, म्हणून त्याच्या जागी आपण थ आणि द वापरतो. आता ‘टी’ आणि ‘डी’लाही दंत्य केलं तर गुहा या अर्थाचं ‘डेन’ आणि नंतर या अर्थाचं ‘देन’ एकच होऊन बसतील, ‘डे’ आणि ‘दे’सुद्धा. ड मागे राहिल्यामुळे या जोड्या वेगळ्या राहतात. तेव्हा ट-ड वापरणं हा गावंढळपणा नाही. हाताशी असलेल्या सामग्रीत केलेली ती चोख सोय आहे.

मग लिपीने त्यावर शिक्का मारला. देवनागरीत मधल्या आवाजाला अक्षरच नाही. हा लेख लिहितानाही माझी तीच पंचाईत आहे, इंग्रजी शब्दात ट लिहिण्यावाचून गत्यंतर नाही. मूल शाळेत इंग्रजी शब्द शिकतं तेव्हा शिक्षकांच्या तोंडून ट ऐकतं आणि वहीत ट लिहितं. पुढे चित्रपटांतून कितीही खरे ‘टी’ कानावर पडले तरी ते त्याच ट च्या खात्यात जमा होतात.

इंग्रजांचीही उलट बाजूने हीच गत आहे. कॅनडात जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीझ यांनी इंग्रजी घरांतल्या बाळांवर केलेले प्रयोग 1984 साली प्रसिद्ध झाले. सहा ते आठ महिन्यांच्या बाळांना हिंदीतल्या त आणि ट यांतला फरक कळत होता. वर्षाची होता होता त्यांची ही क्षमता मावळत गेली. इंग्रजी भाषक प्रौढांना हा फरक ऐकू येणं जड जातं. आपल्याला ट आणि इंग्रजी ‘टी’ सारखेच ऐकू येतात ते त्याच धर्तीवर. उच्चार बदलायचा तर अडचण इथूनच सुरू होते, कारण चूक स्वतःच्या कानाला पकडता येत नाही.

म्हणून डोळ्यांची मदत घ्यावी. ध्वनिवैज्ञानिक जिभेवर कोळशाची पूड आणि तेल यांचा लेप लावतात, एक शब्द उच्चारायला सांगतात आणि टाळूवर उमटलेला डाग आरशात पाहतात. घरी कोको पावडर आणि खाण्याचं तेल यांची दाटसर पेस्ट चालते. ती जिभेच्या टोकाला, कडांना आणि टोकाखालीही थोडी लावायची. शब्द असा घ्यायचा की त्यात जीभ वर टेकवणारा दुसरा वर्ण नसेल. आधी ‘आत’ म्हणा, तोंड उघडं ठेवूनच थांबा, छोटा आरसा आडवा आत धरा आणि मोबाइलच्या उजेडात पाहा. डाग दातांच्या मागच्या बाजूवर दिसेल. चूळ भरून पुन्हा लेप लावा आणि ‘आट’ म्हणा. आता दातांमागे स्वच्छ पट्टा आणि डाग उंचवट्याच्या मागे. तिसऱ्यांदा ‘हवं’ या अर्थाचा इंग्रजी ‘ऑट’ म्हणा. तो डाग ‘आट’च्याच जागी आला तर तुमचा ‘टी’ मूर्धन्य आहे. तो दात आणि मागचा उतार यांच्या मधोमध यायला हवा.

तिथे जीभ न्यायला मराठी माणसाजवळ एक आयती वाट आहे. आपल्या च आणि ज यांचे दोन उच्चार आहेत. चिमणीतला च तालव्य, चाकातला दंततालव्य. चाकातला च सावकाश म्हणून पाहा. आधी जीभ दंतमूलाजवळ हवा अडवते आणि मग हवा स सारखी घासत सुटते. त्यातली पहिली अडवणूक म्हणजे जवळजवळ इंग्रजी ‘टी’ची अडवणूक. ‘जोर’मधल्या ज ची सुरुवात तशीच ‘डी’च्या जवळची. तेव्हा ‘चाक’ म्हणायला जीभ टेकवा आणि तिथेच थांबा. पातं किंचित खाली घेऊन फक्त टोक टेकलेलं ठेवा, आणि स चा आवाज येऊ न देता टोक झटकन खाली सोडा. सुरुवातीला शेपटीसारखा स येईलच. टोक जितकं चपळ सुटेल तितका तो आखडेल.

जागा पक्की करायला न, ल आणि स कामी येतात, कारण हे वर्ण आपण साधारण तिथेच काढतो. ‘न्‍न्‍न्’ असा लांबवत राहा आणि जीभ न हलवता ‘डी’ सोडा. इथे मराठी सवय आड येते. ट-ड पुढे आला की आपला न स्वतःहून ण होतो, जसा ‘अंडं’मध्ये होतो. त्यामुळे शेवट या अर्थाचा ‘एंड’ म्हणताना न आणि ड दोन्ही मागे सरकतात. ‘टेन’ आणि ‘टेंड’ पाठोपाठ म्हणा. दुसऱ्यात जीभ आधीच मागे वळू लागली तर न वर आणखी थांबा. ‘कोल्ड’मधला ल असाच ळ कडे झुकतो, तिथेही हाच उपाय.

पण जागा साधली तरी काम अर्धंच होतं. इंग्रजीत शब्दाच्या किंवा जोर असलेल्या अवयवाच्या आरंभी ‘टी’ सुटताना श्वासाचा झोत येतो. लिस्कर आणि अब्रॅमसन यांनी 1964 साली ज्या 11 भाषांतल्या शब्दारंभीच्या स्फोटक वर्णांची मोजदाद केली, त्यांत मराठी होती. हवा सुटल्यापासून स्वरयंत्राचा कंप सुरू होईपर्यंत किती वेळ जातो हे त्यांनी मोजलं. आपल्या ट मध्ये हा वेळ अगदी थोडा असतो, ठ मध्ये बराच. इंग्रजी ‘टी’ या बाबतीत ठ च्या बाजूला बसतो. म्हणून मराठी धाटणीचं ‘टेन’ इंग्रजी कानाला ‘डेन’ वाटू शकतं, आणि त्यात दोष जागेपेक्षा श्वासाचा अधिक. तोंडासमोर तळहात धरून ‘ठेवा’ म्हणा. जाणवेल तोच झोत ‘टेन’मध्ये आणा, फक्त टोक दंतमूलावर ठेवून.

एकच शब्द चार प्रकारे रेकॉर्ड करून दुसऱ्या दिवशी ऐका. ‘टेन’ ही आपली सवय. ‘तेन’ म्हटलं की दातांवर उडी गेली, फ्रेंच किंवा स्पॅनिश छाप आली. ट नको म्हणून सांगितलं की पुष्कळजण इथे येऊन पडतात. ‘ठेन’मध्ये श्वास बरोबर, जागा मागची. चौथा प्रकार दंतमूलावरचा, झोतासह. इंग्रजी माणसाला ‘टेन’ समजण्यासाठी ‘ठेन’सुद्धा पहिल्या दोहोंपेक्षा बरं, म्हणून वेळ कमी असेल तर आधी श्वास सुधारावा. स नंतर मात्र झोत नसतो. ‘स्टॉप’मध्ये स ची जीभ तशीच वर मिटायची आणि कोरडी सोडायची.

रेकॉर्डिंगमध्ये शब्दाच्या शेवटी ऐका, तिथे मूर्धन्यपणा लवकर उघडा पडतो. ड साठी जीभ मागे वळू लागते तेव्हा आधीच्या स्वरावर र ची सावली पडते. ‘बॅड’ लांबवून म्हटलं की ती कळते. ‘Praat’ हा मोफत मिळणारा प्रोग्रॅम वापरता येत असेल तर स्वराच्या शेवटी तिसरी पट्टी खाली झुकलेली दिसेल, दंतमूलीय उच्चारात ती तशी झुकत नाही. दोन स्वरांमधला ‘लेडी’तला ड तर आपण ‘गाडी’सारखा उडवतो. तिथे टोक उंचवट्यावर क्षणभर नीट टेकवायला हवं.

सुटे शब्द बऱ्यापैकी लवकर जमतात, घाईत बोलताना मात्र जीभ जुन्या जागी जाते. त्यामुळे शब्दांच्या याद्या घोकण्यापेक्षा फोन नंबर, पत्ता, तारीख अशी रोज तोंडात येणारी वाक्यं घ्यावीत. एकाच निवेदकाची नक्कलही करत बसू नये. वेगवेगळ्या माणसांचे आवाज ऐकले तर कानात नवं खातं लवकर उघडतं.

आणि सगळेच ट मोडीत काढू नका. ‘ट्री’ आणि ‘ड्राय’मध्ये पुढच्या र मुळे इंग्रजांची जीभही दंतमूलामागे जाते, तिथे आपला ट बराचसा चालतो. ‘एट्थ’मध्ये त्यांचाही ‘टी’ दातांवर येतो. अमेरिकन माणसाच्या ‘वॉटर’मधला ‘टी’ तर आपल्या ‘वारा’तल्या र सारखा एकदाच फटकारतो. भारतात, भारतीयांशी इंग्रजी बोलायचं असेल तर यातलं काहीच करायची गरज नाही. परदेशी माणसाशी फोनवर बोलावं लागत असेल आणि तो ‘टेन’ला ‘डेन’ समजत असेल, तर तळहाताच्या सरावापासून सुरुवात करा.