उकळता पाक ओतला, तरी अंडं कच्चंच

अंड्यातला पांढरा भाग आणि साखर फेटून झालेला फेस म्हणजे मेरँग. तो करायच्या तीन पद्धती आहेत: फ्रेंच, इटालियन आणि स्विस. फ्रेंच मेरँगमध्ये कच्च्या पांढऱ्यातच थोडी थोडी साखर घालत फेटतात. हा फेस सर्वांत हलका, पण थोड्याच वेळात बसतो आणि खाली पाणी सुटतं. मंद ओव्हनमध्ये दीड-दोन तास वाळवून कुरकुरीत बिस्किटं करायची असतील, तर हाच घ्यावा. तिथे अंडं पूर्ण शिजतं.

खरा प्रश्न येतो तो मेरँग पुन्हा भाजायचा नसतो तेव्हा, म्हणजे केकच्या आयसिंगमध्ये किंवा मूसमध्ये.

तिथे बहुतेकजण इटालियन पद्धतीवर विसंबतात. साखरेचा पाक ११८ अंशांपर्यंत, म्हणजे पाण्यात थेंब टाकला की मऊ गोळी वळेल इतका, उकळायचा आणि फेसात बारीक धारेने सोडायचा. दाट पाक बुडबुड्यांभोवती घट्ट बसतो, उष्णतेने त्यातली प्रथिनंही थोडी आवळतात. म्हणून तिघांत हाच सर्वांत टिकाऊ. पण इतका गरम पाक पडला म्हणजे जंतू मेलेच, हा समज चुकीचा आहे. पाकाची बरीच उष्णता भांडं, बीटर आणि हवा खाऊन टाकतात. स्वयंपाकामागचं विज्ञान लिहिणारे हॅरल्ड मॅगी यांनी नोंदवलं आहे की हा फेस साधारण ५५ ते ५८ अंशांपर्यंतच तापतो. साल्मोनेला जंतू खात्रीने मारायला तेवढं पुरत नाही.

स्विस पद्धतीत ताप आपल्या हातात राहतो. तीन अंड्यांचं पांढरं, साधारण १०० ग्रॅम, आणि २०० ग्रॅम साखर एका भांड्यात घ्या. पातेल्यात मंद उकळणाऱ्या पाण्यावर ते भांडं ठेवा, मात्र त्याचा तळ पाण्याला टेकू देऊ नका. सतत हलवत राहा. चिमटीत घेऊन चोळलं आणि कण लागले नाहीत की काम झालं, असं बऱ्याच पाककृतींत लिहिलेलं असतं. त्यावरून फक्त साखर विरघळल्याचं कळतं, आणि ती बरीच आधी विरघळते. अंडं ७१ अंशांवर पोचलं पाहिजे. एवढ्या साखरेत ते या तापमानाला गोठत नाही, पण कडेला पांढरे तुकडे दिसू लागले, तर आच जास्त झाली किंवा हात थांबला असं समजा. मग उतरवून भांडं हाताला गार लागेपर्यंत फेटा. फेस थोडा जड, पण चकचकीत होतो आणि बटरक्रीममध्ये छान टिकतो.

घरात लहान मूल, गरोदर बाई किंवा वयस्कर माणूस असेल, तर न भाजलेल्या आयसिंगसाठी स्विस पद्धतच वापरा, आणि त्याआधी एक स्वयंपाकाचा थर्मामीटर घ्या.