फॉर्म म्हणजे तक्रार नव्हे : रोमच्या विमानतळावरील कागदांवरून लिहिलेले पत्र
(विमानप्रवाशाचे हक्क : लेखांक ६)

आंतरराष्ट्रीय विमानप्रवासात चेक-इन केलेली बॅग वेळेवर आली नाही किंवा मोडक्या अवस्थेत हाती पडली, तर विमानतळावरील सामान-कक्षात एक फॉर्म भरून घेतात. त्याला सामान-अनियमितता अहवाल म्हणतात आणि कर्मचारी त्याच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून त्याला ‘पीआयआर’ म्हणतात. हा फॉर्म भरून झाला की तक्रार झाली, असा बहुतेक प्रवाशांचा समज असतो आणि भरपाईचे बरेच दावे याच समजापायी बुडतात. पीआयआर ही बॅगेचा शोध सुरू करण्यासाठी केलेली नोंद असते. भरपाईसाठी विमान कंपनीकडे स्वतंत्र लेखी तक्रार मुदतीत जावी लागते. फॉर्म परक्या भाषेत असेल, तर त्याच्या तळाशी बारीक अक्षरांत छापलेली नेमकी हीच सूचना वाचायची राहून जाते.

या सूचनेमागचा कायदा म्हणजे १९९९चा माँट्रियल करार. भारतात तो २००९ पासून लागू आहे आणि इटलीही त्यात सहभागी आहे, त्यामुळे मुंबई–रोम–मुंबई या परतीच्या तिकिटावरील प्रवासाला तो लागू होतो. कराराच्या एकतिसाव्या कलमानुसार बॅगेच्या नुकसानीची लेखी तक्रार बॅग ताब्यात आल्यापासून सात दिवसांत, आणि उशिराबद्दलची तक्रार बॅग प्रवाशाच्या हवाली झाल्यापासून एकवीस दिवसांत पाठवावी लागते. हे दिवस कामकाजाचे नसून कॅलेंडरचे असतात, म्हणजे रविवार आणि सणाच्या सुट्ट्याही त्यांत मोजल्या जातात. मुदत टळली, तर कंपनीने लबाडी केल्याचे दाखवता आल्याखेरीज दावा चालत नाही. शिवाय तक्रार न करता बॅग स्वीकारली, तर ती चांगल्या स्थितीत मिळाली असे प्रथमदर्शनी मानले जाते आणि तसे नव्हते हे सिद्ध करण्याचा भार प्रवाशावर येतो.

प्रत्यक्ष काम कसे करावे, हे एका कल्पित पण अगदी नेहमीच्या प्रकरणावरून पाहता येईल. पुण्यातील एक शिक्षिका ४ जून २०२५ रोजी आखाती देशातील एका विमानतळावर विमान बदलून रोमच्या फ्युमिचिनो विमानतळावर उतरल्या, परंतु त्यांची बॅग आली नाही. त्यांनी सामान-कक्षात इटालियन भाषेतील फॉर्म भरला, बॅग येईपर्यंत कपडे आणि औषधे विकत घेतली, आणि ७ जूनला कुरियरने बॅग हॉटेलवर पोहोचवली तेव्हा तिचे एक चाक तुटलेले व कुलपाजवळची कड फाटलेली होती. १३ जूनला त्या पुण्याला परतल्या, तेव्हा त्यांच्या फोनमध्ये फॉर्मचे, दोन पावत्यांचे आणि कुरियरच्या पोचपावतीचे फोटो होते. बहुतेक माणसे असे फोटो घरी आल्यावर निवांत उघडतात. येथे मात्र तेवढी सवड नव्हती, कारण चाक व कड यांच्याबद्दलची मुदत दुसऱ्याच दिवशी, १४ जूनला, संपत होती. उशिराच्या तक्रारीला २८ जूनपर्यंत वेळ होता.

फोनमधील भाषांतराची सोय फोटोतील अक्षरे आधी ओळखते आणि नंतर त्यांचे भाषांतर करते, त्यामुळे चूक या दोन्हींपैकी कोणत्याही पायरीवर होऊ शकते. वाक्याचा अर्थ बिघडला तर तो खटकतो आणि माणूस थांबतो. आकडा किंवा अक्षर चुकले तर काहीच खटकत नाही, आणि तक्रारीचा सगळा आधार तर आकड्यांवरच असतो. म्हणून अशा कागदाचे वाचन वरून खाली न करता आधी क्रमांक, मग तारखा, मग खुणा केलेले चौकोन आणि शेवटी वाक्ये या क्रमाने करणे अधिक भरवशाचे ठरते.

पीआयआरवरील सर्वांत महत्त्वाचा क्रमांक म्हणजे नोंद क्रमांक. तो दहा चिन्हांचा असतो : पहिली तीन अक्षरे विमानतळाची, पुढची दोन चिन्हे विमान कंपनीची आणि नंतर पाच अंक. कल्पित उदाहरण घ्यायचे तर FCOXX12345. फ्युमिचिनोच्या संकेतातील तिसरे चिन्ह हे O अक्षर आहे, पण अक्षर ओळखणारी यंत्रणा ते सहज शून्य म्हणून वाचते आणि मग विमान कंपनीच्या संगणकात नोंद सापडत नाही. पहिल्या तीन जागी अक्षरे आणि शेवटच्या पाच जागी अंक एवढा नियम लक्षात असला, तर ही चूक भाषा न कळताही पकडता येते. बॅगेला लावलेल्या पट्टीचा क्रमांक वेगळा असतो आणि त्याचे स्टिकर बहुधा बोर्डिंग पासच्या मागे चिकटवलेले असते. फॉर्मवर हाताने उतरवलेला क्रमांक त्या स्टिकरशी अंकागणिक ताडून घ्यावा, कारण कर्मचाऱ्याचा घाईतला एक आणि सात कित्येकदा सारखेच दिसतात.

त्यानंतर येतात चौकोन. शिक्षिकेच्या फॉर्मवर उशिराने येणाऱ्या सामानाच्या चौकोनात खूण होती आणि नुकसानीचा चौकोन रिकामा होता. हे चुकीचे नव्हते, कारण ४ जूनला बॅगच समोर नसल्याने तिची मोडतोड कोणालाच माहीत नव्हती. परंतु कंपनीच्या दावे विभागाने केवळ हा फॉर्म पाहिला, तर त्यांच्या दृष्टीने प्रकरण फक्त उशिराचे राहते. फॉर्मचे अचूक भाषांतर जोडूनही तुटलेल्या चाकाचा दावा त्यातून सिद्ध होत नाही. तो पत्रात नव्याने आणि सात दिवसांच्या आत मांडावा लागतो. या प्रकरणातील खरी मेख हीच आहे. उशिरा आलेली बॅग घरी किंवा हॉटेलवर पोहोचल्यावर जे नुकसान दिसते, त्याची नोंद विमानतळावरच्या फॉर्मवर असूच शकत नाही.

पावत्यांचा भाग त्या मानाने सोपा असला, तरी तेथे तीन ठिकाणी पाय घसरतो. इटलीत दशांशासाठी स्वल्पविराम आणि हजारासाठी टिंब वापरतात, त्यामुळे कपड्यांच्या पावतीवरील ६३,५० ही रक्कम त्रेसष्ट युरो पन्नास सेंट असते. फोटोत स्वल्पविराम पुसट आला तर तीच ६३५० दिसते. दुसरे असे की, पावतीवर एकूण रकमेच्या खाली ‘दी कुई इवा’ अशी ओळ असते. तिचा अर्थ ‘त्यापैकी मूल्यवर्धित कर’ असा आहे, म्हणजे बावीस टक्के दराने येणारे ११,४५ युरो त्या ६३,५० मध्ये आधीच धरलेले असतात आणि ते पुन्हा मिळवायचे नसतात. तिसरी गोष्ट रोख व्यवहाराची. शिक्षिकेने ७० युरो दिले होते, म्हणून पावतीवर रोख ७०,०० आणि ‘रेस्तो’ ६,५० असे छापले होते. रेस्तो म्हणजे परत मिळालेले सुटे पैसे. भाषांतरात त्याचे ‘उरलेले’ किंवा ‘बाकी’ झाले, तर ती रक्कम अजून द्यायची राहिली आहे असे वाटू लागते. पडताळा सोपा आहे : ७०मधून ६,५० वजा केले की ६३,५० येतात, आणि हिशेब जुळला म्हणजे वाचनही बरोबर. औषधांची पावती १८,९० युरोची होती. तेव्हा तातडीच्या खरेदीची मागणी ८२ युरो ४० सेंट एवढी आणि एवढीच होते.

भाषांतराची चित्रे पत्राला जोडताना एक काळजी घ्यावी लागते. फोनवरील सोय भाषांतरित मजकूर मूळ अक्षरांवरच चढवते, त्यामुळे तेवढेच चित्र पाठवले तर मूळ कागद झाकला जातो आणि पुरावा म्हणून त्याची किंमत घटते. मूळ फोटो जसेच्या तसे जोडावेत आणि भाषांतर वेगळ्या पानावर टंकित करून त्यावर ‘प्रवाशाने समजुतीसाठी केलेले भाषांतर’ असे स्पष्ट लिहावे. न वाचता आलेल्या शब्दाच्या जागी ‘अवाच्य’ असे लिहिणे अंदाज बांधण्यापेक्षा केव्हाही चांगले, कारण एक चुकीचा अंदाज उरलेल्या मजकुराबद्दलही शंका उत्पन्न करतो.

पत्र इंग्रजीत जावे. बहुतेक आंतरराष्ट्रीय विमान कंपन्यांचे दावे विभाग त्या भाषेत काम करतात. विषयाच्या ओळीत नोंद क्रमांक, उड्डाणाचा क्रमांक व तारीख आणि ‘नुकसान व उशीर यांबाबत लेखी तक्रार’ हे शब्द असावेत. मुख्य मजकुराचा आशय असा ठेवता येईल : “दि. ४ जून २०२५ रोजी रोम येथे माझी चेक-इन केलेली बॅग मिळाली नाही. त्याची नोंद वरील क्रमांकाने झाली आहे. बॅग ७ जून रोजी मिळाली. कुरियरची पोचपावती सोबत आहे. मिळाली तेव्हा तिचे एक चाक तुटलेले आणि कड फाटलेली होती. ४ जूनच्या फॉर्मवर ही नोंद नाही, कारण त्या दिवशी बॅग मला मिळालेलीच नव्हती. माँट्रियल कराराच्या एकतिसाव्या कलमानुसार हे पत्र नुकसान आणि उशीर या दोन्हींबाबतची माझी तक्रार आहे. तातडीच्या खरेदीचे ८२.४० युरो आणि बॅगेच्या दुरुस्तीचा खर्च मिळावा. दुरुस्तीचा अंदाज स्वतंत्रपणे पाठवीन.” या मजकुरात राग नाही, विशेषणे नाहीत, आणि बहुतेक वाक्यांमागे एक कागद उभा आहे. दुरुस्तीचा अंदाज हाती नाही म्हणून पत्र अडवून ठेवू नये. मुदत तक्रारीला आहे, रकमेचा तपशील मागाहून देता येतो.

पत्र कोणाला पाठवावे हा प्रश्न एकाहून अधिक कंपन्यांची विमाने असतील तेव्हा पडतो. सामानाच्या बाबतीत कराराने पहिल्या आणि शेवटच्या अशा दोन्ही वाहकांविरुद्ध हक्क दिला आहे, म्हणून रोमला आणणाऱ्या कंपनीला पत्र आणि मुंबईहून नेणाऱ्या कंपनीला त्याची प्रत पाठवणे हिताचे ठरते. पाठवल्याची तारीख दिसणारी प्रत जपावी, आणि कंपनीच्या संकेतस्थळावरील अर्ज भरला असेल तर ‘अर्ज मिळाला’ या पानाचे चित्र काढून ठेवावे.

भरपाईची कमाल मर्यादा २८ डिसेंबर २०२४ पासून प्रत्येक प्रवाशामागे १,५१९ एसडीआर अशी आहे. एसडीआर म्हणजे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीने पाच प्रमुख चलनांच्या आधारे ठरवलेले हिशेबाचे एकक, आणि या मर्यादेची किंमत साधारण दोन हजार अमेरिकी डॉलर होते. हा आकडा वाचून काही प्रवासी पूर्ण रकमेचीच मागणी करतात. युरोपीय संघाच्या न्यायालयाने २०२०मध्ये हरवलेल्या बॅगेच्या एका प्रकरणात स्पष्ट केले की ही कमाल मर्यादा आहे, आपोआप मिळणारी ठोक रक्कम नव्हे. म्हणूनच ६३,५० आणि १८,९० यांचे वाचन बिनचूक असणे मोलाचे आहे. कंपनीकडेही बचाव असतात : बॅगेच्या मुळातल्या दोषामुळे झालेल्या नुकसानीची जबाबदारी तिच्यावर येत नाही, आणि उशीर टाळण्यासाठी शक्य ते सर्व वाजवी उपाय केल्याचे तिने सिद्ध केले, तर उशिराचीही येत नाही. चाक आधीच झिजलेले होते असे उत्तर आले, तर प्रवासापूर्वीचा बॅगेचा फोटो किंवा खरेदीची तारीख उपयोगी पडते.

उत्तर समाधानकारक नसल्यास न्यायालयात किंवा ग्राहक आयोगाकडे जाण्यासाठी करारात दोन वर्षांची मुदत आहे, आणि तोपर्यंत कागद टिकले पाहिजेत. दुकानांच्या पावत्या उष्णतेने छपाई होणाऱ्या कागदावर असतात, त्यावरील अक्षरे काही महिन्यांत फिकी होतात आणि प्लास्टिकच्या पाकिटात किंवा उन्हात ती आणखी लवकर उडतात; तेव्हा पावती मिळेल त्याच दिवशी ती सपाट पृष्ठभागावर ठेवून, सावली न पडू देता, चारही कोपरे दिसतील असा फोटो काढावा, घरी आल्यावर तिची साध्या कागदावर छायाप्रत काढावी आणि मूळ पावती त्या प्रतीला टाचून ठेवावी.