आधी तारीख, मग मेकअप

वेडिंग एक्झिबिशनमधल्या मेकअप स्टुडिओच्या स्टॉलवर हमखास दिसणारं एक दृश्य आहे. मालकीणबाई दिवसभर मॉडेलच्या चेहऱ्यावर वाकलेल्या, आणि त्यांच्या पाठीमागून मुली आयांसह येऊन, दोन मिनिटं बघून निघून जाणाऱ्या. संध्याकाळी लकी ड्रॉच्या बरणीत दीडशे चिठ्ठ्या जमतात. त्यांतल्या निम्म्या मुलींचं लग्न अजून ठरलेलंही नसतं.

मेकअपच्या धंद्यात खरा माल म्हणजे तारीख. तुळशीचं लग्न झालं की हंगाम सुरू होतो आणि मोजक्या मुहूर्तांवर सगळ्यांची लग्नं एकवटतात. एका दिवशी एक आर्टिस्ट फार तर दोन नवऱ्या सजवू शकते. म्हणून चातुर्मासात, हात मोकळे असताना स्टॉल घ्यावा आणि फॉर्मवर पहिला प्रश्न लग्नाच्या तारखेचा ठेवावा. मग कार्यालय कुठलं, हळद, लग्न, रिसेप्शन यांपैकी कशाकशाला मेकअप हवा, आणि शेवटी फोन नंबर. शेजारी भरलेल्या तारखांची वही उघडी असावी. आपली तारीख अजून मोकळी आहे हे डोळ्यांनी दिसलं की बोलणं पुढे सरकतं.

खर्चाचा हिशेब आधीच मांडावा. समजा दोन दिवसांचं भाडं 30,000 आणि सजावट, टेम्पो, मदतनीस मिळून 15,000. एका नवरीच्या 25,000च्या पॅकेजमधून असिस्टंट, प्रवास, सामान वजा जाता 13,000 उरत असतील, तर स्टॉलचे 45,000 भरून यायलाच चार बुकिंग लागतात. तेवढ्या तारखा वहीत मोकळ्या नसतील तर स्टॉल घेऊच नये.

दहा बाय दहाच्या जागेत उंच खुर्ची अशी ठेवावी की मॉडेलचा चेहरा वाटेकडे असेल. अर्धाच चेहरा रंगवावा. फरक दिसतो, वेळही वाचतो. हॉलच्या पिवळ्या दिव्यांत फाउंडेशनची चुकीची शेड खपून जाते आणि बाहेर उन्हात चेहरा राखेसारखा दिसतो, म्हणून आपले पांढरे, दिवसाच्या उजेडासारखे दिवे न्यावेत. किती प्लग मिळणार आणि त्यांवर किती लोड चालेल, हे आयोजकांना आधीच विचारावं. बोलायला मात्र वेगळी व्यक्ती हवी, आणि तिला नऊवारी नेसवणं, अंबाडा, मुंडावळ्या बांधणं दरात धरलंय का, हे तोंडपाठ हवं. मुलगी लुक विचारते. आई हेच विचारते, आणि बहुतेकदा पैसेही आईच्याच पर्समधून येतात.

जागेवरच टोकन घ्यायचं असेल तर रक्कम लहान ठेवून लगेच पावती द्यावी. तिच्यावर तारीख, ट्रायलचा दिवस आणि लग्न पुढे ढकललं तर पैशांचं काय, हे लिहावं. भांडणं इथेच होतात. उरलेल्या फॉर्मांतले तारीख पक्की असलेले त्याच रात्री वेगळे काढावेत आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत फोन करावेत. आठवड्याने केलेल्या फोनला बहुतेक वेळा एकच उत्तर मिळतं: “अहो ताई, आमचं ठरलं की!”