पाटीलसाहेबांना मेल लिहिताना

मेल उघडण्याआधीच त्याची पहिली ओळ वाचली जाते. संगणकावर जीमेलच्या यादीत विषयापुढे करड्या अक्षरांत मजकुराची सुरुवात दिसते, मोबाइलवर तर जेमतेम ओळ-दोन ओळी. तेवढ्या जागेत ‘नमस्कार, आपण कुशल असाल अशी आशा आहे’ एवढंच मावलं, तर मेल कशाबद्दल आहे हे वाचणाऱ्याला कळत नाही. आणि कुशल विचारल्याचा आनंदही होत नाही, कारण त्याच सकाळी आलेल्या आणखी चार मेलांत तेच वाक्य असतं.

हे दुखणं नवं नाही. जुन्या मराठी पत्रातला ‘साष्टांग नमस्कार विनंती विशेष’ हा मायना वापरून वापरून ‘सा. न. वि. वि.’ इतका आटला. रोमन लोकही पत्राच्या आरंभी ‘तू बरा असशील तर उत्तम, मी बरा आहे’ असं लिहीत आणि पुढे त्याची नुसती आद्याक्षरं मांडू लागले. सगळ्यांना सारखंच लिहिलं जाणारं वाक्य वाचणाऱ्याचे डोळे आपोआप ओलांडून जातात. म्हणून आपुलकी हवी असेल, तर ती फक्त या एका माणसालाच लिहिता येईल अशा तपशिलात शोधावी लागते.

समजा, चाकणच्या एका कारखान्याच्या खरेदी विभागातल्या बाईंना कोल्हापूरच्या फाउंड्रीकडून २०० कास्टिंग शुक्रवारपर्यंत हवी आहेत. फाउंड्रीचं काम पाटीलसाहेब बघतात. पहिल्या खर्ड्यात त्या लिहितात: ‘आपण कुशल असाल. मागील आठवड्यातील चर्चेच्या अनुषंगाने आपणांस कळविण्यात येते की…’ इथे मागणी तिसऱ्या ओळीवर गेली. मग त्या सगळं छाटतात: ‘२०० नग शुक्रवारपर्यंत पाठवा.’ आता काम कळलं, पण गेल्या महिन्यात याच पाटीलसाहेबांनी रविवारी माणसं बोलावून माल चढवून दिला होता. त्यांना हे वाक्य हुकमासारखं लागेल.

तिसरा खर्डा असा: ‘नमस्कार पाटीलसाहेब, गेल्या महिन्यात रविवारी माल चढवलात म्हणून आमची लाइन थांबली नाही. या वेळी २०० नग शुक्रवारपर्यंत जमतील का?’

आपुलकीला इथे एकच वाक्य लागलं. त्यात केलेली मदतही आहे आणि तिचा नेमका उपयोगही. मात्र अडचण उरतेच: मोबाइलच्या यादीत आभार दिसतील, मागणी कापली जाईल. त्यावर उपाय विषयाच्या रकान्यात आहे. तिथे ‘२०० नग, शुक्रवारपर्यंत’ असं लिहिलं की पहिली ओळ माणसाशी बोलायला मोकळी होते. विषयात नुसतं ‘ऑर्डरबाबत’ लिहिणाऱ्यांना ही मोकळीक मिळत नाही. त्यांनी मागणीच आधी लिहावी आणि आभार तिच्यामागून मानावेत.

हाच रविवार पुढच्या मेलातही आठवला, तर मात्र पाटीलसाहेबांना ती लाडीगोडी वाटेल. आभार एकदाच मानायचे आणि तेही खऱ्या गोष्टीचे. आठवण्यासारखं काही नसेल, तर ‘नमस्कार पाटीलसाहेब’ पुरे. संबोधन नीट असलं की त्यात पुरेसा मान येतो.

खरी कसोटी तक्रारीच्या वेळी लागते. माल आला आणि १८ नगांत ब्लोहोल निघाले. अशा वेळी गोड सुरुवात केली, तर पुढचं वाचताना ती खोटी ठरते. थट्टेचा आधार घेणं त्याहून धोक्याचं. जस्टिन क्रुगर, निकोलस एपली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत दिसलं, की आपला उपरोध वाचणाऱ्याला ओळखता येईल याची ईमेल लिहिणाऱ्यांना जेवढी खात्री होती, त्यापेक्षा वाचणारे बरेच कमी वेळा तो ओळखू शकले. लिहिणाऱ्याच्या कानात स्वतःचा स्वर घुमत असतो. वाचणाऱ्यापर्यंत फक्त अक्षरं पोचतात. ‘या वेळी माल अगदी हवेशीर आलाय’ हे वाक्य बाईंना हलकंफुलकं वाटेल, पाटीलसाहेबांना टोमणा.

म्हणून सुरुवात सरळ हवी: ‘पाटीलसाहेब, २०० पैकी १८ नगांत ब्लोहोल आहेत, फोटो जोडलेत. तुमच्या मालात असं कधी दिसलं नव्हतं, म्हणून वर कळवण्याआधी तुम्हालाच विचारतेय.’ इथे आपुलकी दुसऱ्या वाक्यात आहे आणि ती विश्वासाच्या रूपात आहे. हे वाक्य खरं असलं तरच लिहावं. मेलाची प्रत वरिष्ठांना जात असेल, तर ते खोटं पडतं आणि पाटीलसाहेबांना वरची नावं वाचून ते लगेच कळतं.

त्यांचं उत्तर आलं, ‘१८ नग बदलून देतो, बुधवारी गाडी निघेल.’ आता पुन्हा मायना, पुन्हा कुशल नको. चालू संभाषणातल्या तिसऱ्या-चौथ्या उत्तराला दर वेळी नमस्कार घातला, तर दोघांत उगाच अंतर पडल्यासारखं वाटतं. ‘चालेल साहेब, बुधवारी गेटवर सांगून ठेवते’ एवढ्यात काम पुढे सरकतं.